टेबलावरच तेहतीस मीटर चढलेलं घड्याळ

मे २०२४ मध्ये मी हिमाचलातला सर पास ट्रेक पूर्ण केला. त्याआधीचे दोन महिने मनगटावरच्या एका घड्याळाशी झगडण्यात गेले. उंची, हवेचा दाब आणि दिशा दाखवणारं हे घड्याळ घेताना दुकानात सगळं सोपं वाटलं होतं. घरी आल्यावर एकही आकडा पटेना. माहितीपुस्तिकेत कोणती बटणं दाबायची ते होतं, पण आकडा चुकतो का आणि किती चुकला तर चालतो, हे कुठेच नव्हतं. त्यात मला खूप वेळ गेला. तुमचा जाऊ नये म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

घड्याळ घेतलं २ मार्चला, शनिवारी, साडेचौदा हजारांना. रात्री दाबाचा स्क्रीन उघडला तर ९४५ hPa, म्हणजे हेक्टोपास्कल. मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये कोल्हापूरसाठी १०१०. पासष्टचा फरक! माझी खात्रीच झाली की तुकडा खराब आलाय. मंगळवारी शाळा सुटल्यावर दुकानात गेले. दुकानदारही गोंधळले. "ताई, वॉरंटीत आहे, पुण्याला सर्व्हिस सेंटरला पाठवू," म्हणाले. बिलाची झेरॉक्स, वॉरंटी कार्ड, तक्रारीचा फॉर्म आणि कुरियरचे साडेतीनशे रुपये दिले. घड्याळ परत आलं १८ मार्चला, म्हणजे तेरा दिवसांनी. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: तपासणीत दोष आढळला नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या काकांना कागद दाखवला. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर नकाशे आणि साखळ्या हाताळलेला माणूस. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाले, "पोरी, दोन्ही बरोबर आहेत. ॲप सांगतंय समुद्रावरचा दाब, घड्याळ सांगतंय तुझ्या खोलीतला."

हे कळलं आणि पुढचं सगळं सुटत गेलं. हवामान खातं दाब जाहीर करताना तो समुद्रसपाटीला नेऊन सांगतं, म्हणजे मुंबई आणि कोल्हापूरची तुलना करता येते. घड्याळातला सेन्सर मात्र जिथे आहे तिथली हवा मोजतो. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि आपल्याकडे साधारण नऊ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. पासष्टला नवाने गुणा, पावणेसहाशेच्या आसपास येतं. म्हणजे जो फरक मी दोष समजून पुण्याला पाठवला होता, ती माझ्या घराची उंची होती. काही घड्याळांत दोन्ही आकडे दिसतात, काहींत एकच. आपलं घड्याळ कोणता दाखवतं, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. माझे तेरा दिवस वाचले असते.

उंचीमापक म्हणून घड्याळात वेगळं यंत्र नसतं. दाब मोजायचा, ठरावीक तक्त्यावरून त्याची उंची करायची, बस. तो तक्ता एका आदर्श हवेचा आहे: समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब, १५ अंश तापमान आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश थंडी. दाब उतरला की घड्याळ म्हणतं, तू चढलीस. खरंच चढले, की हवाच बदलली, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून काकांनी पहिलं काम सांगितलं ते बटणाचं नव्हतं. "तीन दिवस टेबलावर ठेव. हात लावू नको. दर दोन तासांनी आकडा लिही."

२३ ते २५ मार्च, शनिवार ते धुळवड, सुट्ट्या होत्या. घड्याळ मनगटावरून काढलं, पंख्यापासून दूर पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवलं. सकाळी दहाला अंदाजाने ५७० मीटर उंची टाकली आणि वहीत लिहायला लागले. बाराला ५८१. दोनला ५९६. चारला ६०३. घड्याळ टेबलावरून हललं नव्हतं आणि सहा तासांत ते तेहतीस मीटर चढलं होतं, अकरा मजल्यांची इमारत! मग संध्याकाळी आकडा उतरायला लागला. रात्री दहाला ५७४. पहाटे चारला उठून बघितलं तर पुन्हा चढून ५८८, आणि सकाळी दहाला परत ५७१. दुसऱ्या दिवशी तोच खेळ, तिसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी रंग खेळायला न गेल्याबद्दल घरात बोलणी खाल्ली, पण वही पूर्ण केली.

ही हवेची भरती-ओहोटी आहे. सूर्याच्या उष्णतेने वातावरण दिवसातून दोनदा हेलकावे खातं. आपल्या उष्ण पट्ट्यात सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब सर्वांत जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी. उन्हाळ्यात दिवसाचा उतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. माझ्या टेबलावर तो पावणेचार होता. थंड देशांत हा हेलकावा लहान असतो आणि रोजच्या वादळी बदलांत बुडून जातो. तिथल्या लोकांनी लिहिलेल्या सूचनांत त्याचा उल्लेखही नसतो, याचं कारण बहुधा हेच असावं. आपल्याकडे मात्र निरभ्र दिवशी तो घड्याळासारखा नेमाने येतो. सकाळी दहाला उंची बरोबर लावून तुम्ही दुपारी चारपर्यंत चालत राहिलात, तर नुसत्या वेळेमुळे तीसेक मीटर जास्त दिसणार. घड्याळ बिघडलेलं नाही आणि कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा लावून घेणं, तेही चुकलेलं नाही.

तीन दिवसांची ती वही मला ट्रेकवर सगळ्यात जास्त उपयोगी पडली. त्याबद्दल पुढे.

आता खरी उंची कुठून आणायची? इथे मी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे मोबाईलमधल्या जीपीएसचा आकडा टाकला. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत आकारापासून, आणि आपल्या भागात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा शंभर मीटरपेक्षा खोल जातो आणि त्याची कड आपल्यापर्यंत येते. जे ॲप ही दुरुस्ती करत नाही ते कोल्हापुरात साठ-सत्तर मीटर कमी दाखवतं. माझ्या फोनवर दोन ॲप होती आणि त्यांच्यात ६८ मीटरचा फरक होता. एक दुरुस्ती करत होतं, दुसरं नाही. दुसरी चूक, पन्हाळ्याची छापील उंची खरी मानली. ८४५ मीटर हा आकडा सर्रास दिसतो, काही ठिकाणी त्याहून शंभरेक मीटर जास्त लिहिलेलं असतं. गाव, दरवाजा, बालेकिल्ला, यातल्या नेमक्या कोणत्या जागेची उंची, ते कुणी सांगत नाही. गडाच्या नावापुढच्या आकड्याने घड्याळ लावू नका.

काकांचं उत्तर साधं होतं. "स्टेशनवर जा." रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती रेल्वेने सर्वेक्षण करून काढलेली असते आणि पाटी एका जागी उभी असते, त्यामुळे कुठली उंची हा प्रश्नच येत नाही. ३१ मार्चला, रविवारी, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर गेले. सकाळचे पावणेदहा वाजले होते. ही वेळ मुद्दाम निवडली, कारण दहाच्या आसपास दाब शिखरावर असतो आणि तासभर फारसा हलत नाही. पाटीखाली दहा मिनिटं उभी राहिले, कारण काही घड्याळं उंचीचा आकडा मिनिटामिनिटाने ताजा करतात. आकडा स्थिरावल्यावर पाटीवरची उंची टाकली आणि तडक घरी आले. घर पाटीपेक्षा १४ मीटर वर निघालं. त्यातले सहा मीटर आमचा दुसरा मजला, म्हणजे जमीन आठ मीटर वर. हे दोनदा, वेगळ्या दिवशी, त्याच वेळेला करून बघितलं. दुसऱ्यांदा १५ आलं. आता माझ्या दारात माझा स्वतःचा ठरलेला आकडा होता. पेन्सिलने दाराच्या चौकटीमागे लिहून ठेवलाय.

घड्याळात उंची लावायचे सहसा दोन रस्ते असतात. एक म्हणजे माहीत असलेली उंची टाकायची, दुसरा समुद्रसपाटीचा दाब टाकायचा. दोन्ही आतून एकच गोष्ट करतात. उंची माहीत असेल तर उंचीच टाका. दाबाचा आकडा ॲपवरून घेतलात तर तो किती तासांपूर्वीचा आहे ते कळत नाही, आणि एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे नऊ मीटर गेले.

पुढचा टप्पा नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. नोंदणी करायची, तेव्हा आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी यायचा. माझा जुना नंबर जोडलेला होता, त्यामुळे आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलला: ५० रुपये आणि आठवडाभराची वाट. जुन्या पद्धतीच्या क्रमांकाने पन्हाळा ४७ एल/१ मध्ये येतो आणि कोल्हापूर शहराचा बराचसा भाग ४७ एल/२ मध्ये. या नकाशांवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरला असतात. पन्हाळ्याच्या चढावर रस्ता जिथे रेषा ओलांडतो अशा दोन जागा शोधल्या, खाली एक मोरी आणि वर एक वळण. मध्ये पंधरा टप्पे, म्हणजे तीनशे मीटर.

१४ एप्रिलला, रविवारी दुपारी, मामेभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. वाघबीळ सोडून चढ लागला तसा घड्याळाचा वादळाचा इशारा वाजायला लागला. भाऊ घाबरून थांबला. "ताई, काय झालं गं?" काहीच झालं नव्हतं. तीन तासांत चार हेक्टोपास्कल दाब उतरला की हा इशारा वाजतो आणि घाटात चाळीस मीटर चढलं की तेवढा उतरतोच. गाडीत किंवा चढावर तो इशारा बंद ठेवायचा. एका जागी मुक्काम असेल तेव्हाच त्याला अर्थ आहे.

मोरीपाशी घड्याळ लावलं, वीस मिनिटांत वरच्या वळणावर पोचलो. तीनशेच्या जागी घड्याळाने चढ दाखवला २७९. एकवीस मीटर कमी. एवढ्या थोड्या वेळात हवेची ओहोटी काही फार करत नाही, आणि ती झाली असती तर आकडा जास्त आला असता, कमी नाही. मग कुठे गेले?

उन्हात गेले. त्या तक्त्यातल्या आदर्श हवेत साडेसातशे मीटरला तापमान दहा अंश धरलेलं असतं. आम्ही तेहतीस-चौतीस अंशांत होतो. गरम हवा फुगते, पातळ होते. त्यामुळे तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं, पण घड्याळ मात्र तक्त्याप्रमाणेच मोजतं. तक्त्यापेक्षा हवा दर दहा अंशांनी गरम असली की चढ सुमारे साडेतीन टक्के कमी दिसतो. आमच्या तेवीस अंशांना साताठ टक्के, म्हणजे तीनशेत बावीस-तेवीस मीटर. हिशेब जुळला. आठ दिवसांनी सकाळी साडेसहाला, तेवीस-चोवीस अंशांत, तीच चढण पुन्हा केली तेव्हा २८६ आले. म्हणजे घड्याळ एकदा बरोबर लावलं तरी चढत गेल्यावर त्याची चूक वाढत जाते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती नेहमी एकाच बाजूला असते: तुम्ही खरंच जितके चढलात त्याहून घड्याळ कमी सांगतं. यावर कॅलिब्रेशनचा इलाज नाही. वाटेत ओळखीची उंची आली की पुन्हा लावायचं, एवढंच हातात आहे.

एक बारीक गोष्ट. घड्याळावरचं तापमान या हिशेबासाठी वापरायचं असेल तर ते मनगटावरून काढून सावलीत वीस-तीस मिनिटं ठेवा. मनगटावर असताना ते अर्धं तुमचंच तापमान सांगतं.

आणि सेन्सरची भोकं. घड्याळाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत जाते. घाम आणि धूळ बसून ती बुजली की आकडा अडकतो: तुम्ही चढताय, आकडा तसाच, मग एकदम दहा-पंधरा मीटर उडी. मला पन्हाळ्यावरून परतताना हे दिसलं. कोमट साध्या पाण्यात धरून हलवलं, मोकळ्या हवेत वाळू दिलं, सुटलं. सुई किंवा काडी घालायची नाही.

होकायंत्राचं काम त्यामानाने एका सकाळचं, पण जागा निवडण्यात मी चुकले. पहिल्यांदा रंकाळ्यावर केलं, लोखंडी कठड्याला टेकून आणि शेजारी गाडी उभी करून. कॅलिब्रेशन म्हणजे घड्याळाला आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र दाखवून त्यातला स्वतःचा दोष वजा करायला लावणं. शेजारी लोखंड असेल तर घड्याळ त्या लोखंडालाही स्वतःचा दोष समजून वजा करतं आणि मग मोकळ्या माळावर नेमकं तेवढंच चुकतं. मला ते २१ एप्रिलला कळलं. विद्यापीठाच्या बाजूच्या माळावरून जोतिबाचा डोंगर दिसतो. नकाशावर त्याची दिशा कोनमापकाने मोजली होती, उत्तरेपासून ३२८ अंश. घड्याळ म्हणालं ३०५.

मोबाईल आणि चुंबकाचं झाकण असलेलं त्याचं कव्हर पिशवीत टाकून पिशवी दहा पावलं लांब ठेवली. गाडी त्याहून लांब. माझ्या घड्याळात दोन बिंदूंची पद्धत आहे. स्क्रीनवर `-1-` आलं की सपाट धरून बटण दाबायचं, मग `Turn 180°` आलं की बरोबर उलट तोंड करून पुन्हा दाबायचं. काही घड्याळांत हवेत आडवा आठ काढायचा असतो. आठ सावकाश, मनगट फिरवत काढा, घाईत केलं तर घड्याळ पुन्हा करायला लावतं. मग जोतिबा ३२६ आला. आणखी एक तपासणी केली, जिला नकाशाही लागत नाही: रस्त्याच्या एका टोकाकडे बघून आकडा घ्यायचा, मागे वळून दुसऱ्या टोकाचा घ्यायचा. दोघांत १८० चा फरक यायला हवा. रंकाळ्याच्या कॅलिब्रेशनवर मला १६१ मिळाला होता, माळावरच्यावर १७८.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाची मेनूत वेगळी जागा असते. त्याची धास्ती घेऊ नका. कोल्हापुरात आणि हिमाचलातही तो अगदी थोडा आहे आणि मनगटावरच्या होकायंत्राची स्वतःची चूकच त्याहून मोठी असू शकते. मी शून्यच ठेवला. आपल्या काळ्या दगडाची मात्र काळजी घ्या. सह्याद्रीतल्या बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं. कड्यावर घड्याळ दगडावर ठेवून दिशा घेतली तर आकडा हलू शकतो. उभं राहून, छातीच्या उंचीवर, सपाट धरून घ्यायची.

दरम्यान ट्रेकच्या संस्थेकडून माझा वैद्यकीय दाखला परत आला. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यात वाचता येत नव्हता. पुन्हा सही, पुन्हा शिक्का, दीडशे रुपये. फॉर्म भरताना क्रमांक हातानेही लिहून घ्या.

७ मेला, मंगळवारी, आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. सकाळी पहिल्या रांगेत मत दिलं आणि बोटावरच्या शाईसकट निजामुद्दीनची गाडी पकडली. प्रवासात मला एक छंद लागला. गाडी थांबली की खिडकीतून पाटीवरची उंची वाचायची आणि घड्याळाशी ताडायची. कोल्हापूरला लावलेलं घड्याळ दुपारी चारच्या सुमाराला पाटीपेक्षा पंचवीस-तीस मीटर जास्त दाखवत होतं आणि रात्री फरक मिटत गेला. टेबलावरची वही धावत्या गाडीत जशीच्या तशी उतरलेली बघून फार बरं वाटलं.

१० मेला कसोलच्या तळावर पोचलो. दोन गोष्टी नव्याने केल्या. एक म्हणजे होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट केलं. पृथ्वीचं चुंबकीय बल आपल्याकडे जमिनीशी जवळजवळ आडवं असतं, पंचवीस अंशांच्या आत. हिमाचलात ते पन्नासच्या आसपास जमिनीत घुसतं. म्हणून घड्याळ जरा तिरकं धरलं तर तिकडे दिशा इकडच्यापेक्षा जास्त चुकते. कोल्हापुरात मी हात कसाही धरला तरी चालून जायचं, तिथे नाही चाललं. दुसरं म्हणजे तळावर लावलेल्या १,५८० मीटरच्या आकड्याने उंची लावली. संस्थेच्या आकड्यांत थोडी गोलाई असते, पण सगळे कॅम्प एकाच यादीतले असल्याने तुलना करायला ते पुरतात. यादी फुटांत होती. मीटर करून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, थंडीत भागाकार सुचत नाही.

१२ मेला चाल सुरू झाली. ग्रहण गाव २,३५० मीटरला. तिथे पुन्हा लावलं. १४ तारखेला दुपारी दोनला मिन थाचला पोचलो, यादीप्रमाणे ३,४०० मीटर. माझं घड्याळ म्हणत होतं ३,३४२. ग्रहणपासूनच्या हजार मीटरच्या चढात अठ्ठावन्न कमी, जवळजवळ साडेपाच टक्के. तिथल्या तक्त्यात उणे तीन-चार अंश धरलेले होते आणि आम्ही दहा-बारा अंशांच्या उन्हात शर्टाच्या बाह्या वर करून चढलो होतो. पन्हाळ्याचाच हिशेब, मोठ्या आकड्यांत. गटातल्या एकाने विचारलं, "ताई, तुमचं घड्याळ बंद पडलं का?" त्याला वही उघडून दाखवली. ३,४०० लावलं.

आणि मग टेबलावरच्या त्या तीन दिवसांची किंमत कळली. तंबूत घड्याळ काढून ठेवलं आणि सवयीने लिहीत राहिले. दोनला ३,४००. चारला ३,४०९. इथपर्यंत ठीक, चारपर्यंत चढायचंच. पुढे ते उतरायला हवं होतं. कोल्हापुरात रात्री दहापर्यंत जवळजवळ सगळं उतरायचं, इथे हेलकावा लहान, तरी दहा-पंधरा मीटर उतरायला हवे होते. सातला बघितलं तर ३,४२८. नऊला ३,४३६. घड्याळ वेळेच्या उलट चाललं होतं. दिसलेली चढ सत्तावीस मीटर, आणि न झालेली उतरण धरली तर चाळीसच्या आसपास. त्या उंचीवर एका हेक्टोपास्कलला बारा मीटर पडतात, म्हणजे दाब नेहमीपेक्षा तीनहून जास्त उतरला होता. आकाशात तेव्हा चांदण्या होत्या.

आमच्या गाईडना सांगितलं. ते मलाणाच्या बाजूच्या गावातले, वीस वर्षं या वाटेवर. त्यांनी वही बघितली, बाहेर जाऊन वाऱ्याची दिशा बघितली आणि तंबूंचे दोर पुन्हा आवळायला सांगितले. ते माझ्या आकड्यामुळे की वाऱ्यामुळे, ते मी विचारलं नाही. रात्री एकच्या पुढे गारा सुरू झाल्या, पहाटेपर्यंत बर्फ. दाब उतरतोय एवढंच घड्याळ सांगू शकतं. कधी येईल, किती येईल, ते त्याला माहीत नसतं, आणि डोंगरातली दुपारची स्थानिक गारपीट कित्येकदा दाबात काहीच न दाखवता येते. १३ तारखेला आम्ही अशीच एक अंगावर घेतली होती.

दुसऱ्या दिवशी नगारूला, ३,८०० मीटरवर, नेमकी उलट गोष्ट घडली. पहाटे तीनला खिंडीसाठी उठलो तेव्हा घड्याळ रात्री दहापेक्षा पंधरा मीटर वर होतं. तंबूतली मैत्रीण घाबरली, पुन्हा वादळ का? पण रात्री दहा ते पहाटे चार ही उतरत्या दाबाचीच वेळ, आणि पंधरा मीटर म्हणजे जेमतेम सव्वा हेक्टोपास्कल. रोजचं होतं. निघालो. सर पासवर, ४,२०० मीटरला, लख्ख ऊन होतं आणि घड्याळ ४,१८१ दाखवत होतं. तिथे पुन्हा लावलं आणि बिस्केरीकडे उतरलो.

मुक्कामावर घड्याळाचा मोड बदलायला विसरू नका. चालताना उंचीचा, थांबल्यावर दाबाचा. काही घड्याळं हालचाल ओळखून आपोआप बदलतात, पण तंबूत तुम्ही इकडेतिकडे फिरलात की ती गोंधळतात. मी हातानेच बदलत होते आणि वहीत वेळ लिहीत होते. दोन दिवसांची तुलना करायची असेल तर तीच वेळ घ्या, सकाळची सकाळशी.

जुलैत मामेभावाने पन्हाळा-पावनखिंड पदभ्रमंतीसाठी घड्याळ मागितलं. दिलं, वहीसकट, आणि आधी एक दिवस टेबलावर ठेवायला सांगितलं. दुपारी चारला त्याचा मेसेज आला: "ताई, नुसतं १९ चढलं, तुझ्या वहीत ३३ आहे. बिघडवलं का मी?" पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, जमीन तापत नाही, हेलकावा लहान होतो. त्याला म्हटलं, वहीत नवीन पान कर, वर महिना लिही.